मजल्यांची पाटी लावताय? या चुका टाळा

पाट्यांच्या कामात एक वाक्य ठरलेलं असतं: "पाटी दरवाजातून वाचता आली पाहिजे." ऐकायला बरोबर वाटतं, पण इमारतीतल्या कार्यालयांच्या यादीच्या बाबतीत बहुतेक गोंधळाची सुरुवात इथूनच होते. वीस-पंचवीस नावं आठ-नऊ मीटरवरून वाचता यायची असतील तर पाटी अख्खी भिंत व्यापेल. ते शक्य नसतं. मग नावं हळूहळू लहान होत जातात आणि शेवटी पाटी ना दरवाजातून वाचता येते, ना चार पावलं पुढे येऊन.

माणूस अशी पाटी एका जागी उभा राहून वाचतच नाही. आत शिरल्यावर आधी त्याला "यादी तिथे आहे" एवढंच कळायला हवं असतं. चालता चालता मजल्यांचे मोठे आकडे दिसतात. नाव तो थांबून शोधतो आणि मग वळून बाणाकडे बघतो. प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं, म्हणून अक्षरांचं मापही वेगळं. कामाला हात घालण्याआधी मापटेप घेऊन ही अंतरं मोजा. दरवाजापासून भिंत किती लांब आहे? लोक प्रत्यक्षात थांबतात कुठे? मध्ये टेबल, खांब किंवा लिफ्टची रांग येते का? लोक थांबतात ती जागा साधारण अडीच-तीन मीटरवर सापडते, कारण त्याहून जवळ गेलं की मागच्यांची वाट अडते. नावांचं माप या अंतरावरून काढायचं, दरवाजावरून नाही.

पडद्यावर मोठं दिसतं म्हणून पुरेसं आहे असं समजणं

मी दुरुस्त केलेल्या एका पाटीचं उदाहरण घेतो. तळमजला आणि वर चार मजले, एकूण २३ कार्यालयं. जुनी पाटी ६०० बाय ९०० मिलिमीटरची होती आणि नावं ३६ पॉइंटात होती. संगणकावर ३६ पॉइंट म्हणजे ठसठशीत मथळा वाटतो, कारण पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतो. पण पॉइंट हे अक्षराचं माप नाही, अक्षर ज्या चौकटीत बसतं त्या चौकटीचं आहे. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मिलिमीटर, म्हणजे ३६ पॉइंटची चौकट पावणेतेरा मिलिमीटरच्या आसपास. देवनागरीत या चौकटीचा बराच भाग वरच्या मात्रा-वेलांट्यांना आणि खालच्या उकारांना राखून ठेवलेला असतो. शिरोरेषेपासून पायापर्यंतचा 'न' किंवा 'क' मी फूटपट्टीने मोजला, तो भरला साडेसात मिलिमीटर.

साडेसात मिलिमीटर किती लांबून वाचता येतं? नेत्रतज्ज्ञ स्नेलन यांनी १८६२ मध्ये नजर तपासण्याचा तक्ता केला. त्याच्या हिशोबाने निकोप डोळ्याला ६ मीटरवरून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर जेमतेम ओळखता येतं. पण ही डोळ्याची शेवटची हद्द आहे, तीही भरपूर उजेडात, खुर्चीवर बसून, एकेक सुटं रोमन अक्षर ओळखताना. पाटी वाचणारा घाईत असतो, त्याच्या हातात फाइल असते, चश्मा खिशात असतो, उजेड मागून येत असतो. म्हणून पाट्यांच्या कामात या हद्दीच्या तिप्पट-साडेतिप्पट उंची धरायची पद्धत आहे. हिशोब सोपा, अंतराला २०० ने भागायचं.

देवनागरीसाठी मी २०० च्या जागी १५० ने भागतो. हा माझा कामातला नियम आहे. कारण अक्षरांतच आहे: तेवढ्याच उंचीत रोमन अक्षराला दोन-तीन रेषा असतात, तर आपल्या 'क्ष', 'ज्ञ', 'झ', 'ष्ट' यांना गाठी, आडव्या रेषा, काने असं बरंच काही मावून घ्यावं लागतं. आणि उंची मोजायची ती शिरोरेषेपासून पायापर्यंतची. वरची वेलांटी आणि खालचा उकार धरायचा नाही.

या नियमाने जुन्या पाटीवरची नावं सव्वा मीटरच्याही आतूनच आरामात वाचता येत होती. लोक थांबत होते तीन मीटरवर. तीन मीटरला १५० ने भागलं की २० मिलिमीटर येतात. त्या फॉन्टमध्ये २० मिलिमीटरचा 'न' मिळवायला साधारण ९६ पॉइंट लागले. दुसऱ्या फॉन्टमध्ये हा आकडा वेगळा येईल, म्हणून पॉइंटचा आकडा पाठ करू नका. छापा आणि फूटपट्टी लावा. छापताना एक खबरदारी घ्या: प्रिंटरच्या खिडकीत "पानात बसवा" हा पर्याय निवडलेला असेल तर सगळं गुपचूप लहान होऊन छापलं जातं आणि तुमची चाचणीच खोटी ठरते. माप शंभर टक्क्यांवर ठेवा.

सगळ्या ओळी एकाच पाटीत कोंबणं

२० मिलिमीटरचं अक्षर म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, २३ नावं मावणार कशी? इथे घाईत लोक ओळींमधलं अंतर कमी करतात. देवनागरीत ते लगेच अंगलट येतं. वरच्या ओळीत 'पूर्ती' असेल आणि तिच्या नेमकं खाली 'कीर्ती', तर 'पू'चा उकार खालच्या वेलांटीत आणि रफारात जाऊन अडकतो. जवळून ते नुसतं दाटीवाटीचं दिसतं, लांबून मात्र उकार कुठल्या ओळीचा तेच कळत नाही. अक्षराच्या अंगाच्या उंचीला एक धरलं तर वरच्या चिन्हांना साधारण अर्धा पट आणि खालच्यांना अर्ध्याला थोडी कमी जागा लागते. म्हणून एका ओळीच्या शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचं अंतर अंगाच्या उंचीच्या दुपटीहून थोडं जास्त ठेवावं. २० मिलिमीटरसाठी मी ४२ घेतलं.

आता बेरीज करू. २३ ओळी गुणिले ४२ म्हणजे ९६६ मिलिमीटर. मजल्यामजल्यात थोडी जास्त फट हवी, ती ३० मिलिमीटरची धरली तर चार फटींचे १२०. वर मथळा, चारही बाजूंनी समास. पाटी तेराशे मिलिमीटरच्या आसपास जात होती. तळ जमिनीपासून ९५० मिलिमीटरवर धरला तर वरची टोकं साडेबावीसशेच्या आसपास गेली असती. एवढ्या उंचीवरची नावं जवळून वाचायला मान वर करावी लागते, आणि चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला तर ती दिसणंच कठीण.

तोडगा ओळी बारीक करण्यात नव्हता. तळमजल्यावरची चार कार्यालयं यादीत कशाला हवीत, हा प्रश्न विचारल्यावर वाट मोकळी झाली. वरच्या मजल्यांवर जाणाऱ्याला एकच गोष्ट करायची असते: लिफ्ट किंवा जिना गाठायचा. त्याला बाणाची गरज एकदाच, लिफ्टपुरती. तळमजल्यावर जाणाऱ्याला मात्र मजल्याचा आकडा कामाचा नाही, त्याला डावीकडे की उजवीकडे तेवढं कळायला हवं. या दोन वेगळ्या माणसांना आपण एकाच तक्त्यात बसवतो आणि मग प्रत्येक ओळीपुढे एक बाण छापतो. चौथ्या मजल्याच्या कार्यालयापुढेही उजवा बाण आणि तळमजल्याच्या दवाखान्यापुढेही उजवा बाण. १९ बाण सारखेच आणि चार वेगळे, तर नजर त्यांतला फरक टिपतच नाही.

म्हणून दोन पाट्या केल्या. मोठ्या पाटीवर चार मजल्यांची १९ नावं, एकही बाण नाही. शेजारी लहान पाटी, तिच्यावर तळमजल्याची चार नावं, लिफ्ट आणि जिना, बाणांसह. मोठ्या पाटीची उंची आता अशी झाली: १९ गुणिले ४२ म्हणजे ७९८, तीन फटींचे ९०, मथळ्याला ११० आणि वरखाली मिळून १०० समास. एकूण १,०९८, म्हणजे अकराशे मिलिमीटर. तळ ९५० वर, माथा २,०५० वर. सगळ्यांत वरच्या ११० मिलिमीटरांत मथळाच असल्याने नावं दोन मीटरच्या आत राहिली.

मजल्यांचे आकडे ६० मिलिमीटर उंच घेतले, म्हणजे नऊ मीटरवरून, दारातूनच दिसतील असे. हा दारातून वाचायचा भाग. नाव दारातून वाचता येत नाही, पण चौथा मजला वर आणि पहिला खाली अशी इमारतीची चित्राकृती डोळ्यांत भरते. त्यासाठी क्रमही इमारतीसारखाच लागतो. पहिला मजला सगळ्यांत वर आणि चौथा सगळ्यांत खाली अशा पाट्या मी खूप पाहिल्या आहेत. कागदावर यादी करताना एकपासून सुरुवात करायची सवय असते, तीच भिंतीवर चढते.

आकडा एका टोकाला, नाव दुसऱ्या टोकाला

डावीकडे नाव आणि अगदी उजव्या कडेला कार्यालयाचा क्रमांक ही मांडणी नीटनेटकी दिसते, पण नाव आखूड असलं की मध्ये हातभर पोकळी राहते. ती ओलांडताना नजर एक ओळ वर किंवा खाली घसरते आणि माणूस ४०२ ऐवजी ४०३ चं दार ठोठावतो. क्रमांक नावाच्या आधी, लागूनच ठेवा: ४०२, थोडी जागा, मग नाव. सगळे क्रमांक एका रेषेत येतात, सगळी नावं एका रेषेत सुरू होतात आणि पोकळीच उरत नाही.

क्रमांकांबाबत आणखी एक सांगायला हवं. लिफ्टच्या बटणांवर आणि दारांवर इंग्रजी आकडे असतील तर पाटीवरही तेच ठेवा. मराठी आकड्यांचा मलाही अभिमान आहे, पण आपला चार लांबून इंग्रजी आठासारखा दिसतो. ज्या इमारतीत दोन्ही लिप्यांचे आकडे फिरत असतात, तिथे ही चूक माणसाला भलत्या मजल्यावर नेते. सगळीकडे देवनागरी करता आली तर उत्तमच. पण मग बटणं, दारं, पाटी सगळं एकदम बदला. तळमजल्याचंही तसंच. बटणावर शून्य असेल तर पाटीवर शून्य, 'जी' असेल तर 'जी', आणि सोबत 'तळमजला' हा शब्द.

नावांबद्दल थोडक्यात. "मेसर्स", "प्रायव्हेट लिमिटेड", फोन नंबर, बोधचिन्ह यातलं काहीही पाटीवर नको. भाडेकरू बोधचिन्हाचा आग्रह धरतात. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं आणि १९ रंगांच्या चिन्हांत एकही नाव वाचता येत नाही. लोक त्या जागेला ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहा. येणारा "डोळ्यांचा दवाखाना" शोधत असेल आणि पाटीवर फक्त संस्थेचं नोंदणीकृत नाव असेल, तर तो वॉचमनलाच विचारणार: "काका, डोळ्यांचे डॉक्टर कितव्या मजल्यावर हो?" खरं तर पाटी करण्याआधी तासभर वॉचमनशेजारी बसावं आणि लोक कुठल्या शब्दांत विचारतात ते टिपून घ्यावं. पाटीचा मजकूर तिथेच मिळतो.

कार्यालयं तीसच्या पुढे गेली की मजल्यानुसार यादी पुरत नाही, कारण येणाऱ्याला नाव माहीत असतं, मजला माहीत नसतो. तिथे वर्णक्रमाने यादी करावी आणि प्रत्येक नावाआधी मजला लिहावा. पण "डॉ." आणि "अ‍ॅड." सकट क्रम लावला तर सगळे डॉक्टर 'ड' मध्ये आणि सगळे वकील 'अ' मध्ये जमा होतात, आणि क्रमाचा काही उपयोग राहत नाही. आडनाव आधी, पदवी नंतर.

बाण काढला एका भिंतीसाठी, पाटी लागली दुसऱ्या भिंतीवर

ही चूक माझ्या हातून झालेली आहे आणि तेव्हापासून बाणांच्या बाबतीत मी कुणाच्याही शब्दावर काम करत नाही. आराखड्यात पाटी आत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर होती. डाव्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की इमारतीचा आतला भाग, म्हणजे लिफ्ट, आपल्या उजव्या हाताला येते. म्हणून "लिफ्ट" पुढे उजवा बाण छापला. लावायला गेलेल्या कारागिरांना त्या भिंतीवर विजेचं पॅनेल आडवं आलं. त्यांनी समोरच्या, म्हणजे उजव्या भिंतीवर तितकीच मोकळी जागा पाहून पाटी तिथे ठोकली. आता वाचणाऱ्याची पाठ डाव्या भिंतीकडे आणि लिफ्ट त्याच्या डाव्या हाताला. उजवा बाण सरळ मुख्य दाराकडे, बाहेर बोट दाखवत होता. दोन दिवस लोक पाटी वाचून पुन्हा दारापर्यंत जात आणि गोंधळून मागे फिरत.

तेव्हापासून बाण मी पाटीवर छापत नाही. ते वेगळे कापून घेतो आणि पाटी भिंतीवर चढल्यावर, तिच्यासमोर उभं राहून, हाताने दिशा दाखवून मगच चिकटवतो. त्याआधी कागदाचे बाण चिकटपट्टीने लावून एक दिवस तसेच ठेवतो.

वर टोक असलेल्या बाणाचा गोंधळ वेगळा. दिशादर्शक पाट्यांत वरचा बाण "सरळ पुढे जा" या अर्थाने वापरतात. छताला टांगलेल्या पाटीवर तो अर्थ नीट लागतो, कारण पाटीखालून पुढे रस्ता असतो. भिंतीवरच्या पाटीत मात्र सरळ पुढे भिंतच असते, आणि शेजारी मजल्यांची यादी असल्याने लोक त्याचा अर्थ "वरच्या मजल्यावर" असा घेतात. दोन्ही अर्थ एकाच खुणेला चिकटले की ती खूण निकामी. भिंतीवर फक्त आडवे बाण ठेवा. वर जायचं आहे हे सांगायला लिफ्टचं किंवा जिन्याचं चित्र पुरतं. चित्राशेजारी डावा किंवा उजवा बाण, म्हणजे लिफ्ट कुठे ते समजतं.

लहान पाटीवर बाण दिशेप्रमाणे गटात बांधा. डावीकडची सगळी ठिकाणं एका डाव्या बाणाखाली, उजवीकडची एका उजव्या बाणाखाली. डावा बाण ओळीच्या डाव्या कडेला आणि उजवा बाण उजव्या कडेला. उजवा बाण नावाच्या डावीकडे ठेवला तर त्याचं टोक नावातच घुसतं आणि तो नुसता यादीतला ठिपका वाटतो. बाणाचा दांडा अक्षराच्या रेषेहून जाड हवा, टोक रुंद हवं. नाजूक टोकाचे बाण चार-पाच मीटरवरून आडव्या रेघेसारखे दिसतात.

ठळक केलं की वाचायला सोपं जातं, हा समज

पाटी लांबून वाचता येत नाही अशी तक्रार आली की पहिला उपाय सुचतो तो अक्षर जाड करण्याचा. देवनागरीत तो बहुतेकदा उलटा पडतो. रेषा जाड झाली की अक्षराच्या पोटातली जागा आत ओढली जाते. 'ब'च्या पोटातली तिरपी रेष आणि पोट एक होऊन 'ब'चा 'व' दिसतो किंवा नुसता काळा गोळा. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' या जोड्या ज्या बारीक गाठीने किंवा शिरोरेषेतल्या फटीने वेगळ्या होतात, तीच गाठ आणि तीच फट सगळ्यांत आधी बुजते. 'ख' आणि 'रव' यांचं तर सगळ्यांना माहीत आहे.

मध्यम जाडीचा, मोकळ्या पोटाचा, साधा फॉन्ट घ्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांच्यात पातळपासून ठळकपर्यंत अनेक जाड्या मिळतात, त्यामुळे एकेक पायरी बदलून पाहता येतं. गडद पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर ती आहेत त्याहून जाड भासतात, मागून उजेड असेल तर आणखीच. तिथे एक पायरी पातळ घ्या.

रोमन पाट्यांसाठी एक सल्ला नेहमी दिला जातो की अक्षरं थोडी सुटी करा, लांबून बरी वाचता येतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावला की शिरोरेषा तुटते आणि 'कार्यालय' या एका शब्दाचे चार तुकडे होतात. अक्षरांमधलं अंतर फॉन्टमध्ये आहे तसं राहू द्या. मोकळीक हवी असेल तर दोन शब्दांच्या मधे थोडी वाढवा.

जाडी आणि फॉन्ट ठरवायला पडदा उपयोगाचा नाही. यादीतल्या सगळ्यांत अवघड चार-पाच ओळी निवडा, ज्यांत जोडाक्षरं, रफार, 'ब', 'भ', 'घ' आहेत. खऱ्या मापात छापून खऱ्या भिंतीवर खऱ्या उंचीला चिकटवा. मग यादी अजिबात माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना तीन मीटरवर उभं करून मोठ्याने वाचायला सांगा. त्यांतला एक तरी साठीपुढचा असू द्या. अडखळणं ऐकू येतं. नाव माहीत असलेला माणूस आठवणीतून वाचतो, त्याच्याकडून काहीच कळत नाही.

कारखान्यात बिघडतं ते

इथवर सगळं नीट केलं तरी पाटी बनवताना दोन गोष्टी हमखास घडतात. फाइल दुसऱ्या संगणकावर, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाते, जोडाक्षरं सुटून पायमोडके हलन्त दिसू लागतात. म्हणून मजकूर आकारांत, म्हणजे कर्व्हमध्ये बदलूनच फाइल द्यावी आणि बदलल्यावर एकेक ओळ पुन्हा वाचावी.

दुसरी गोष्ट व्हिनाइल कापून लावायच्या पाटीची. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही, पण प्लॉटरचं पातं प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे बारीक चकत्या पडतात. लावताना त्या निघून येतात आणि शिरोरेषेत दातऱ्या दिसतात. कापायला देण्याआधी प्रत्येक शब्द वेल्ड करून घ्यायचा, म्हणजे सगळ्या अक्षरांची मिळून एकच बाह्यरेषा होते. बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात पाहिलं की शब्द जोडला गेला आहे की नाही ते लगेच कळतं.

चकाकणारं अ‍ॅक्रिलिक किंवा काच पुढे लावू नका. समोर दार किंवा खिडकी असेल तर दिवसा पाटीत नावांच्या जागी रस्ता दिसतो. मॅट पृष्ठभाग घ्या. पितळेवर किंवा स्टीलवर कोरलेली अक्षरं भारदस्त दिसतात, पण अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची असल्याने उजेड हलला की ती नाहीशी होतात. कोरायचीच असतील तर खाचेत गडद रंग भरून घ्या. रंगसंगतीबद्दल शंका असेल तर पाटीच्या नमुन्याचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. काळ्यावर लाल अक्षरं त्या फोटोत जवळजवळ दिसेनाशी होतात, आणि ज्यांना लाल रंग नीट दिसत नाही त्यांना ती रोजच तशी दिसतात.

पाटीसमोरची जमीन मोकळी ठेवा. कुंडी, पादत्राणांचं कपाट, टेबल, काही नको. ज्याची नजर अधू आहे तो तीन मीटरवरून वाचत नाही, तो हातभर अंतरावर येऊन वाचतो आणि त्याला तिथवर येता आलं पाहिजे.

भाडेकरू बदलल्यावर

पाटी लावल्याच्या दिवशी जशी असते तशी ती सहा महिनेही राहत नाही. एक कार्यालय जातं, दुसरं येतं आणि जुन्या नावावर कागदाची पट्टी चिकटते. ती वेगळ्या फॉन्टात, वेगळ्या मापात असते. अशा चार पट्ट्या झाल्या की सगळं मोजमाप पाण्यात. म्हणून अखंड पत्र्यावर नावं छापू नका. प्रत्येक नावाची वेगळी पट्टी सरकवता येईल अशा खाचा ठेवा आणि दोन-तीन कोऱ्या पट्ट्या जास्तीच्या करून घ्या. कार्यालय रिकामं झालं की नावाची पट्टी काढून कोरी बसवा. जुनं नाव राहिलं तर लोक बंद दारापर्यंत जाऊन परत येतात.

त्या २३ कार्यालयांच्या पाटीच्या मागच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, मी न पुसणाऱ्या शाईने चार ओळी लिहून ठेवल्या आहेत: फॉन्टचं नाव आणि जाडी, 'न'ची उंची २० मिलिमीटर, ओळीचं अंतर ४२, पट्टीचं माप. पुढची पट्टी मी केली नाही तरी चालेल; जो करेल त्याने पाटी उतरवली की त्याला तिथे सगळं सापडेल.